चहाचा डबा: पत्र्यावर चित्र कसे उमटले?

जुन्या घराच्या माळ्यावर कधीकधी चहाचा एखादा चौकोनी, चित्रमय डबा सापडतो. चित्र अंधुक झालेले असते, कोपऱ्यांवर गंज धरलेला असतो. तरीही खिडकीपाशी धरून तो जरा फिरवला की रंगांच्या आतून एक मंद चकाकी सरकत जाते. कागदावर छापलेल्या कोणत्याही चित्रात ती दिसत नाही. ही चकाकी कुठून येते आणि ती चहाच्या डब्यावर आणण्याची गरज कोणाला वाटली, हा या धाग्याचा विषय. कथा मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची आहे. तिचा शेवटचा तुकडा मात्र जमशेदपूरला येऊन पोहोचतो.

आरंभ चित्रापासून नव्हे, भेसळीपासून करावा लागतो. त्या काळी इंग्लंडात चहा येई तो लाकडी पेट्यांतून. पेटीला आतून शिशाच्या पातळ पत्र्याचे अस्तर असे, कारण वाळलेल्या चहात जेमतेम ३ ते ५ टक्के ओलावा असतो आणि हवेतील दमटपणा व आसपासचे वास तो झपाट्याने ओढून घेतो. वाण्याच्या दुकानात पेटी फुटे, चहा दुकानातील मोठ्या डब्यांत भरला जाई आणि गिऱ्हाइकाला कागदाच्या पुडीत तोलून मिळे. पेटी आणि पुडी यांच्यामध्ये काय घडते, हे गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नव्हता. वापरून वाळवलेली चहाची पाने आणि इतर झाडांची पाने चहात सर्रास मिसळली जात.

चीनमधून येणारा हिरवा चहाही निर्दोष नव्हता. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमध्ये फिरताना चहाला प्रशियन निळा रंग आणि जिप्समची भुकटी चोळण्याची रीत प्रत्यक्ष पाहिली. हिरवा चहा असाच दिसायला हवा, अशी परदेशी गिऱ्हाइकाची समजूत होती आणि ती पुरवली जात होती. १८५१ मध्ये आर्थर हिल हॅसल या डॉक्टराने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सूक्ष्मदर्शकाच्या आधारे खाद्यपदार्थांच्या तपासण्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हा या गोष्टी सर्वांच्या तोंडी झाल्या. पुढे १८७५ मध्ये ब्रिटिश संसदेने अन्न व औषध विक्रीचा कायदा केला. आयात होणारा चहा जकात खात्याने तपासावा, अशी स्वतंत्र तरतूद त्यात होती.

कायद्याच्या कितीतरी आधी एका व्यापाऱ्याने या अविश्वासावर आपला धंदा उभा केला होता. जॉन हॉर्निमन याने १८२६ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर चहा बंद पुड्यांतून, स्वतःच्या नावाने विकायला सुरुवात केली. वाणीवर्गाला ही कल्पना रुचणे शक्यच नव्हते. सुट्या चहाचे मिश्रण वाणी स्वतः करी. नफाही त्यातच होता आणि गिऱ्हाइकावरची पकडही. बंद पुडी विकायची म्हणजे त्याने केवळ हमाल होऊन दुसऱ्याचा माल फळीवरून काढून द्यायचा.

दुकानातील डब्यांवर हाच अधिकार रंगवलेला दिसे. ते डबे मोठे, पत्र्याचे आणि बहुधा काळ्या रोगणाचे असत. त्यांवर हाताने सोनेरी वेलबुट्टी काढलेली असे आणि एखादा क्रमांक किंवा चहाचे नाव लिहिलेले असे. असा डबा दुकानाच्या मालकीचा. तो गिऱ्हाइकाच्या घरी जात नसे. घरोघरी जाईल इतका स्वस्त आणि तरीही कागदी पुडीसारखा चुरगळून न फेकता जपून ठेवावासा वाटेल असा डबा हवा असेल, तर त्यावरचे चित्र हाताने काढून भागणार नव्हते. ते छापायला हवे होते, आणि नेमके तेच जमत नव्हते.

अडचण कुठे होती हे समजण्यासाठी आधी पत्रा पाहावा लागेल. डब्याचा पत्रा म्हणजे कथलाचा मुलामा दिलेला लोखंडाचा, आणि नंतरच्या काळात पोलादाचा, पातळ पत्रा. पितळेच्या भांड्याला कल्हई करणारा कारागीर ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही क्रिया वेगळी समजावून सांगायला नको. कल्हईवाला नवसागराने भांडे साफ करून कथील फिरवतो. वेल्समधील कारखान्यांत लाटलेला लोखंडी पत्रा आम्लात बुडवून स्वच्छ करत आणि वितळलेल्या कथलातून काढत. त्यावरचा थर सारखा बसावा म्हणून पामतेल वापरत. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे हे काम फार तापमानाचे नव्हे. परंतु एकेक पत्रा चिमट्याने हाताळण्याचे, वाफांचे आणि भाजण्याचे ते काम होते. दक्षिण वेल्समधील स्वान्सी आणि लॅनेली ही या धंद्याची जगातली मुख्य केंद्रे होती.

दुसरी बाजू छपाईची. रंगीत चित्रे छापण्याची त्या काळची उत्तम रीत म्हणजे शिळाछाप. गुळगुळीत चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे आणि शिळा ओली करायची. तेलकट जागा छपाईची शाई धरतात, ओल्या जागा ती झिडकारतात. प्रत्येक रंगाला स्वतंत्र शिळा लागते. घाटकोपरला १८९४ मध्ये सुरू झालेल्या आणि नंतर मळवलीला हललेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून देवादिकांची जी चित्रे महाराष्ट्रभर गेली, ती याच रीतीची होती. तिथे शिळेवर कागद दाबला जाई. कागद मऊ असतो. शिळेशी एकजीव होऊन तो शाई उचलतो. पत्रा मात्र कडक, आणि शिळाही कडक. दोन कडक पृष्ठे एकमेकांवर दाबली की ती फक्त उंचवट्यांवरच टेकतात. कुठे शाई लागते, कुठे अजिबात लागत नाही, आणि जोर वाढवला तर शिळा तडकते.

१८६० च्या दशकात यावर एक वळसा काढण्यात आला. चित्र आधी खास कागदावर उलटे छापायचे, तो कागद पत्र्यावर चिकटवायचा आणि मग भिजवून सोडवायचा. शाई पत्र्यावर राहते. हंटली अँड पामर्स या बिस्किट कंपनीचा १८६८ मधील डबा या रीतीने सजवलेला होता आणि त्याची नक्षी ओवेन जोन्स या नामवंत वास्तुविशारदाने केली होती. डबा देखणा असला, तरी काम कूर्मगतीचे होते. हजारो डब्यांसाठी हजारो कागद चिकटवून सोडवायचे; एखादा कागद सुरकुतला की चित्राला कायमची सुरकुती पडे.

उत्तर मिळाले ते १८७५ मध्ये, म्हणजे योगायोगाने भेसळीच्या कायद्याच्याच वर्षी. लंडनच्या बार्कले अँड फ्राय या मुद्रणसंस्थेतील रॉबर्ट बार्कले याने पेटंट घेतले. त्याची कल्पना सांगायला एक वाक्य पुरते: शिळा आणि पत्रा यांची गाठच पडू द्यायची नाही. शिळेवरची शाई आधी एका फिरत्या रुळावर घ्यायची आणि रुळाने ती पत्र्यावर ठेवायची. सुरुवातीला रुळावर विशेष प्रक्रिया केलेले पुठ्ठ्याचे वेष्टन होते, पुढे रबर लावलेले कापड आले. रबर दोन्ही बाजूंना नमते. शिळेवरून शाई अलगद उचलते आणि पत्र्याच्या बारीकसारीक उंचसखलपणातही ती नेऊन बसवते. आज वर्तमानपत्रापासून लग्नपत्रिकेपर्यंत जिला ऑफसेट छपाई म्हणतात ती हीच. मात्र कागदावर तिचा व्यावसायिक वापर विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. म्हणजे जवळजवळ पाव शतक ही रीत डबेवाल्यांच्या घरात नांदत होती आणि पुस्तके छापणाऱ्यांना तिची गरज जाणवली नव्हती. तंत्रज्ञानाच्या इतिहासात पुस्तकाला नेहमी मानाचे पान मिळते. इथे ते चहा-बिस्किटाच्या डब्याला द्यावे लागते.

तेव्हाच्या ब्रिटिश पेटंटची मुदत चौदा वर्षांची होती. त्या काळात परवाना असलेल्या मोजक्या कंपन्याच या रीतीने छापू शकत. १८८९ मध्ये मुदत संपली आणि बंधारा फुटला. १८९० नंतरच्या डब्यांची संख्या संग्रहांमध्ये एकदम वाढलेली दिसते, त्याचे मोठे कारण कलेच्या इतिहासात नसून पेटंटच्या तारखेत आहे.

नेमक्या याच सुमारास चहाचा बाजारही पालटत होता. सिलोनमधील कॉफीचे मळे १८६९ पासून पसरलेल्या तांबेरा रोगाने उद्ध्वस्त होत गेले आणि त्या जमिनींवर चहा उभा राहिला. नवा माल, नवा देश, ओळखीची चव नाही. अशा चहाला नाव आणि चेहरा द्यावा लागणार होता. लंडनच्या डेन्शॅम कुटुंबाने १८८७ मध्ये ‘मझावत्ती’ हे नाव नोंदवले. मराठी वाचकाला त्याचा अर्धा अर्थ न सांगताही कळेल. पहिला भाग गोडी-लज्जत सुचवणाऱ्या हिंदुस्थानी शब्दाचा, म्हणजे आपल्या ‘मजा’च्या गोतावळ्यातला, आणि दुसरा सिंहली ‘वत्त’, म्हणजे बाग. हिंदुस्थानी आणि सिंहली यांचे हे लग्न लंडनच्या टॉवर हिलवर लागले.

मझावत्तीचे गाजलेले चित्र म्हणजे चष्मा लावलेली एक वृद्ध इंग्रज आजी आणि तिची नात, चहाचे कप घेऊन बसलेल्या. जाहिरातीत, भिंतींवर, डब्यांवर हीच जोडी. चित्रात मळा नाही, सिलोन नाही. ज्या तमिळ मजुरांना दक्षिण भारतातून नेऊन त्या मळ्यांवर राबवले जात होते, त्यांचा तर मागमूसही नाही. इतर काही कंपन्यांच्या जाहिरातींत पाने खुडणाऱ्या स्त्रिया दिसतात, पण त्याही हसऱ्या, नीटनेटक्या आणि दागिन्यांनी मढलेल्या. मझावत्तीचा मार्ग अधिक धूर्त म्हणावा लागेल. भेसळीने धास्तावलेल्या गिऱ्हाइकाला तिने मळा दाखवलाच नाही. जिच्यावर कोणीही संशय घेणार नाही अशी आजी दाखवली.

आता असा एक डबा प्रत्यक्ष घडताना पाहू. समजा, एक पौंड चहाचा डबा करायचा आहे: तळ ४ इंच गुणिले ४ इंच आणि उंची ६ इंच. त्या काळच्या पत्र्याचे प्रमाण माप २० गुणिले १४ इंच. अशा ११२ पत्र्यांची एक पेटी मोजली जाई आणि नेहमीच्या जाडीच्या पेटीचे वजन १०८ पौंड भरे. पत्र्याची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे जाड पुठ्ठ्याहूनही कमी.

डब्याच्या चार भिंती एकाच पट्टीतून वळतात. चार वेळा ४ म्हणजे १६ इंच, जोडासाठी पाव इंच अधिक. उंचीला ६ इंच आणि वरच्या-खालच्या दुमडीसाठी अर्धा इंच. म्हणजे सव्वासोळा गुणिले साडेसहा इंचांची पट्टी. एका पत्र्यात अशा दोन बसतात. झाकणाला बाजूंच्या पडद्यासह सव्वासहा इंचांचा चौकोन लागतो, ती एका पत्र्यात सहा बसतात. तळाचे साडेचार इंचांचे चौकोन बारा बसतात. तेव्हा बारा डब्यांना भिंतींसाठी सहा, झाकणांसाठी दोन आणि तळांसाठी एक, असे नऊ पत्रे लागतात. एका पेटीतून बारा डझन डबे निघतात आणि चार पत्रे चुकांसाठी उरतात. चार पत्रे ही फारच थोडी मोकळीक आहे, आणि याचा अर्थ छपाई कशी होते हे पाहिल्यावर उमगतो.

छपाई नेहमी सपाट पत्र्यावर, कापण्याच्या आणि वळवण्याच्या आधी होते. चित्रात आठ रंग असतील तर प्रत्येक पत्रा आठ वेळा यंत्रातून जातो. कागद शाई थोडी शोषतो. पत्रा शोषत नाही. म्हणून प्रत्येक रंगानंतर पत्रा भट्टीत भाजून सुकवावा लागतो आणि मगच पुढचा रंग चढतो. शेवटी पारदर्शक रोगणाचा हात. सातव्या रंगाला पत्रा केसभर सरकला, तर आधीचे सहा रंग, सहा भाजण्या आणि पत्रा असे सारेच वाया. असा सरकलेला रंग जुन्या डब्यांवर आजही पाहायला मिळतो: आजीच्या ओठांचा लाल रंग ओठांच्या किंचित खाली, किंवा पानाच्या हिरव्या रंगाशेजारी एक निळी कड.

भट्टीचा अंदाज हे या कामातले खरे कसब. भाजणे कमी झाले तर शाई चिकट राहते आणि थप्पीतला वरचा पत्रा खालच्याचे चित्र उचलतो. जास्त झाले तर पांढरा रंग पिवळसर पडतो आणि शाई ठिसूळ होते. ठिसूळ शाईचा दोष सपाट पत्र्यावर दिसतच नाही. पत्रा कोपऱ्याला वळवला की तिथे बारीक तडा जातो, तड्यातून दमट हवा शिरते आणि वर्षभरात कोपऱ्यावर गंजाची उभी रेघ उमटते. डब्याचे कोपरे धारदार न ठेवता गोलसर वळवण्याचे एक कारण हेच.

आता सुरुवातीच्या चकाकीकडे. कागदावरच्या चित्रात प्रकाश शाईतून जाऊन पांढऱ्या कागदावर पडतो आणि चहूकडे विखुरतो. म्हणून चित्र कोणत्याही बाजूने सारखेच दिसते. कथलाचा पृष्ठभाग आरशाच्या जातीचा आहे. त्यावरची पारदर्शक शाई ओलांडून गेलेला प्रकाश ठरावीक दिशेनेच परततो. चेहरा, आकाश, पांढरे कापड अशा जागी मुद्रकाला ही चकाकी नको असते. तिथे तो आधी पांढऱ्या, अपारदर्शक रंगाचा थर देतो. तेवढ्यापुरता पत्र्याचा कागद होतो. जिथे धातूचा भास हवा, किटलीच्या पोटावर किंवा चौकटीच्या वेलबुट्टीवर, तिथे पांढरा थर मुद्दाम वगळतो. उघड्या पत्र्यावर पिवळसर-तपकिरी पारदर्शक रोगण दिले की कथील सोन्यासारखे दिसते. जुन्या डब्यांवरच्या सोनेरी रंगात बहुतेकदा सोने तर नसतेच, सोनेरी शाईही नसते. तिथे काय छापायचे नाही, हे ठरवण्यातच ती सारी कारागिरी असते.

चित्रकाराने रंगवलेला प्रकाश आणि पत्र्याचा स्वतःचा प्रकाश यांतला फरक ओळखणे सोपे आहे. डबा फिरवावा. रंगवलेली चमक जागीच राहते. पत्र्याची चमक डब्याच्या गोलसर कोपऱ्याबरोबर सरकते. तिच्या कडा मऊ असतात, कारण मुलामा आणि वरचे रोगण आरशाइतके सपाट कधीच नसते.

छापलेला पत्रा कापला की त्याची कड उघडी पडते. इथे मुलामा संपतो आणि आतले लोखंड हवेला भिडते. शिवाय उघड्या हवेत कथील आपल्या शेजारच्या लोखंडाचे रक्षण करत नाही, उलट ओल असेल तर लोखंडाचा गंज अधिक वेगाने वाढतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा ओरखडा सहन करतो, कथलाचा करत नाही. म्हणून कड तशीच सोडणे परवडत नाही. ती आतल्या बाजूला गुंडाळून घेतात. डब्याच्या तोंडाची कड आत वळते, झाकणाच्या पडद्याची बाहेर. या वळलेल्या गोल काठाने तीन कामे साधतात: उघडे लोखंड दडते, गृहिणीचा हात कापत नाही आणि ०.३ मिलिमीटरचा लवचीक पत्रा तोंडाशी ताठ उभा राहतो. काठ वळवलेला नसता तर डबा हातात धरताच तोंडाकडून चेपला असता आणि झाकण बसलेच नसते.

उभा जोड हा दुसरा नाजूक भाग. सुरुवातीला पट्टीची दोन टोके एकमेकांवर ठेवून ती झाळत. झाळण्याच्या उष्णतेने शाई करपते, म्हणून त्या टोकांना चित्र छापतच नसत. जुन्या डब्याच्या मागच्या अंगाला पाऊण बोटाची जी कोरी, राखाडी पट्टी दिसते ती निष्काळजीपणाची खूण नव्हे. ती झाळाऱ्यासाठी सोडलेली जागा आहे. पुढे टोकांना आकडे करून ते एकमेकांत अडकवून ठोकण्याची रीत रुळली आणि ही पट्टी अरुंद झाली.

सर्वांत बोलका सांधा मात्र झाकणाचा. चौकोनी झाकण चार प्रकारे बसते, पण चित्राची रेघ एकाच प्रकारे जुळते. त्यामुळे कित्येक चित्रकार झाकणाच्या पडद्यावर नुसती पट्ट्यांची नक्षी ठेवत आणि मुख्य चित्र सांध्याच्या खाली उरकत. कसलेला मुद्रक चित्र सांध्यावरून पार नेई. ते कसे दिसते यापेक्षा ते रोजच्या हाताळणीत किती टिकते हा प्रश्न मोठा असे, कारण दररोज उघडझाप होताना पडद्याखालची पट्टी घासली जाते.

याच सांध्यापाशी भेसळीची गोष्ट पुन्हा परतते. पत्र्याचा डबा टिकाऊ, आणि टिकाऊपणा हाच त्याचा दोष. रिकामा डबा नामांकित चित्रासह जसाच्या तसा उरतो. त्यात कोणीही हलका चहा भरून झाकण लावू शकतो. कागदी पुडी फाटली की संपली, डबा मात्र खोट्या साक्षीदारासारखा पुन्हा उभा राहतो. त्यावरचा उपाय अगदी साधा होता: झाकणाच्या सांध्यावरून छापील कागदी पट्टी चिकटवणे. ती फाटल्याशिवाय झाकण निघत नसे. आठ रंग, आठ भाजण्या आणि सोनेरी रोगण यांनी उभारलेला सारा विश्वास अखेर खळीने डकवलेल्या कागदाच्या चिंधोटीवर टेकलेला होता.

भारतात या डब्याचा कच्चा माल दीर्घकाळ वेल्समधूनच येत राहिला. चित्र पालटले ते चहामुळे नव्हे, रॉकेलमुळे. बर्मा ऑइल कंपनीला घरोघरी रॉकेल पोहोचवण्यासाठी डब्यांचा पत्रा अफाट प्रमाणावर लागे. तिने टाटांच्या पोलाद कंपनीबरोबर १९२० मध्ये टिनप्लेट कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली. जमशेदपूरच्या गोलमुरी भागात १९२२ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि काम शिकवण्यासाठी वेल्समधून कारागीर आणले गेले. वेल्समध्ये गिरण्यांचा धूर आणि गारठा यांत होणारे काम आता छोटा नागपूरच्या उन्हाळ्यात, तापलेल्या लाटणयंत्रांपुढे भारतीय मजूर करू लागले. आयात पत्र्यावर जकात बसवून सरकारने या कारखान्याला संरक्षण दिले. त्या संरक्षणाचा लाभ कोणाच्या पदरी पडला, हा प्रश्न १९२९ च्या एप्रिलमध्ये कामगारांनीच विचारला. गोलमुरीचा संप कित्येक महिने चालला आणि सुभाषचंद्र बोस यांनी त्याला उघड पाठिंबा दिला. जनतेच्या खिशातून संरक्षण घेणारी कंपनी कामगारांशी कसे वागते, हा मुद्दा त्यामुळे जमशेदपूरच्या बाहेर गेला. डब्याच्या इतिहासात हा प्रसंग क्वचितच सांगितला जातो. संग्राहकांच्या पुस्तकांना पत्रा मुद्रकाच्या दारात आल्यानंतरचीच गोष्ट ठाऊक असते.

छपाईचे सूत्रही हळूहळू इकडे आले. इंग्लंडात १९२१ मध्ये बार्कले अँड फ्रायसह काही डबेवाल्या कंपन्या एकत्र आल्या; त्यातूनच मेटल बॉक्स ही कंपनी उभी राहिली आणि १९३३ मध्ये तिने कलकत्त्यात पाऊल टाकले. म्हणजे ज्या घराण्यात पत्र्यावरच्या छपाईचा जन्म झाला, त्याचेच वारस भारतात डबे छापू लागले. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतल्यावर दोस्तराष्ट्रांच्या कथलाचा मोठा स्रोत तुटला आणि चहासारख्या कोरड्या मालाला डबा देणे ही चैन ठरली. चहा पुन्हा कागदी वेष्टनाकडे वळला.

आज जुने म्हणून विकले जाणारे पुष्कळ डबे नव्याने घडवलेले असतात. ते पारखायला भिंग पुरते. जुन्या शिळाछापात आजीच्या गालावरचे ठिपके हाताने टाकलेले असतात: काही मोठे, काही लहान, गर्दी कुठे दाट, कुठे विरळ. छायाचित्राच्या तंत्राने छापलेल्या चित्रात ठिपके ओळीने, कवायतीत उभे राहिल्यासारखे दिसतात आणि चारच रंगांची फुले पुन्हा पुन्हा येतात. मागचा जोड पाहावा: दुमडलेला किंवा झाळलेला जोड जुना असू शकतो, वितळवून सांधलेली सुतासारखी रेघ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. गंज कुठून सुरू झाला आहे तेही पाहावे. खरा गंज ओरखड्यातून, तळाच्या कडेतून, कोपऱ्याच्या तड्यातून बाहेर पडतो. चित्राच्या मधोमध, धड शाईवर पसरलेला तपकिरी डाग बहुधा कुंचल्याने दिलेला असतो.

शेवटी झाकण काढून पडद्याखालची पट्टी तपासावी. घरात खरोखर वापरलेल्या डब्यावर तिथे शाई घासून गेलेली असते आणि खालचे कथील उघडे पडून चारही बाजूंनी एक चांदीची रेघ दिसते. ती सारख्या रुंदीची नसते. झाकण ज्या कोपऱ्याला धरून उचलले जाई, तिथे ती अधिक रुंद असते.